गाऊनचे वजन कुठे टेकले आहे?

प्रश्न: ताई, मी नांदेडहून एका पुरवणीसाठी फॅशनचे सदर लिहिते. रेड कार्पेटवरच्या गाऊनबद्दल लिहिताना ‘मोहक’ आणि ‘डोळे दिपवणारा’ यांच्यापुढे माझी लेखणी सरकत नाही. हातात फक्त फोटो असतात. गळा, ट्रेल, कापड आणि शिवण यांवरून गाऊनचे नेमके वर्णन कसे करावे? एखादा गाऊन घेऊन समजावून सांगाल का?

उत्तर: फोटो समोर आला की मी सर्वांत आधी एकच गोष्ट शोधते, ती म्हणजे या कपड्याचे वजन अंगावर नेमके कुठे टेकलेले आहे. साडीचे वजन परकराच्या नाडीवर असते आणि पदराचा भार खांदा घेतो. कुर्ता पूर्णपणे खांद्यावर लटकतो. गाऊन मात्र बहुतेक वेळा या दोन्हींपेक्षा जड असतो, त्यात खांदे उघडे असतात, मागे ट्रेलचे चार-पाच हात कापड जमिनीवरून ओढले जात असते आणि तरीही तो दोन-तीन तास एक बोटभरही खाली सरकू नये अशी अपेक्षा असते. हे कसे साधले आहे, याचे उत्तर शोधू लागलात की गळा, ट्रेल, कापड आणि शिवण हे चार सुटे रकाने राहत नाहीत. एकाबद्दल लिहिलेले वाक्य आपोआप दुसऱ्याकडे घेऊन जाते. माझ्या छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात नव्या मुलींना मी गाऊन पाहायला याच क्रमाने शिकवते, म्हणून तुम्हालाही तसेच सांगते.

गळ्यापासून सुरुवात करू, कारण वजनाचा पहिला पुरावा तिथे असतो. बोट नेक असेल, म्हणजे गळ्याची रेघ एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत जवळजवळ आडवी जात असेल, तर दोन्ही खांदे भार घेत आहेत आणि खालचा घेर कितीही जड असला तरी चालतो. हॉल्टरमध्ये सगळा भार मानेच्या मागच्या बाजूला येतो. मोठ्या घेराचा हॉल्टर गाऊन दोन तास घालणारीची मान भरून येते, म्हणून तिथे हलके, ओघळणारे कापड जास्त दिसते. छातीच्या मध्यापर्यंत उतरणारा खोल व्ही गळा असेल तर दोन्ही बाजूंच्या कडा तिरप्या कापलेल्या असतात आणि तिरपी कड ताणली जाते. ती अंगाला चिकटून बसली असेल तर आतून पट्टी किंवा न दिसणारी जाळी आहे असे समजावे.

ऑफ-शोल्डर गळ्याबाबत लिहिताना सर्वाधिक घोटाळा होतो. दंडावर बसलेली ती बाही पाहून वाटते की गाऊन बाहीने धरून ठेवला आहे, पण दंडाला भार घेता येत नाही. घेतला तर हात वर करताच गाऊन वर उचलला जाईल. 2023 च्या ऑस्कर सोहळ्यात दीपिका पदुकोणने घातलेला लुई व्हिताँचा काळा गाऊन आठवून पाहा. दंडावरची पट्टी आणि लांब हातमोजे यांच्यामुळे खांद्याची उघडी रेघ उठून दिसत होती. असा गळा पाहिला की वाचकाला सांगावे की हा खरे तर बिनबाहीचा, खांद्यावर काहीच नसलेला गाऊन आहे आणि दंडावरची पट्टी ही त्याची चौकट आहे.

आणखी एक प्रकार म्हणजे जाळीचा गळा. 2002 साली हॅली बेरीने ऑस्कर स्वीकारताना घातलेल्या एली साब यांच्या गर्द लाल गाऊनमध्ये वरचा भाग पारदर्शक जाळीचा होता आणि त्यावर वेलबुट्टीचे भरतकाम होते. लांबून पाहताना फुले थेट त्वचेवर उमटल्यासारखी दिसत. अशा गाऊनला ‘गळा नाही’ असे लिहिणे चूक आहे, कारण गळा जाळीच्या कडेला असतो आणि डोळ्यांना दिसणारी रेघ भरतकामाची असते. मोठा फोटो असेल तर मानेच्या बुडाशी किंवा मनगटाशी जाळीची बारीक दुमड दिसते. ती सापडली की तुमचे वाक्य पक्के झाले.

आता कापड. तुम्हाला हात लावता येत नाही, त्यामुळे डोळ्यांनी दोनच गोष्टी वाचायच्या: घडी कशी मोडते आणि प्रकाश कुठे थांबतो. डचेस सॅटिन जाड आणि ताठ असते. त्याच्या लाटा रुंद, मोजक्या आणि गोल पाठीच्या पडतात. शार्मूज हेही सॅटिनच, पण पातळ. ते पाण्यासारखे अंगावरून उतरते, घड्या अरुंद आणि पुष्कळ पडतात आणि नितंबावरचा प्रत्येक उंचवटा दाखवते. टाफेटा साध्या विणीचा असतो, त्याची घडी कागदासारखी कडेवर मोडते. क्रेप प्रकाश पसरवून टाकतो, त्यामुळे फ्लॅशमध्येही चकाकी दिसत नाही. मखमल घडीच्या आत काळी पडते आणि कडेला उजळते.

इथे एका शब्दाबाबत मी आग्रही आहे. सॅटिन हे धाग्याचे नाव नाही, विणीचे नाव आहे. उभे धागे बरेच अंतर आडव्या धाग्याच्या वरून मोकळे धावतात आणि म्हणून एक बाजू गुळगुळीत होते. तो धागा रेशमी असू शकतो, तसाच पॉलिएस्टरही असू शकतो. आपल्याकडच्या मश्रूलाही हीच वीण असते; वर रेशीम आणि अंगाच्या बाजूला सूत. म्हणून ‘सॅटिन सिल्क’ असे अंदाजाने लिहू नये. पॉलिएस्टर सॅटिनवर फ्लॅश पडला की पांढरा, तुटक डाग दिसतो आणि रेशमी सॅटिनवर उजेड हळूहळू उतरतो, हे बऱ्याचदा खरे असते, पण कॅमेऱ्याच्या प्रकाशानुसार ते बदलते. डिझायनरने धाग्याचे नाव जाहीर केले नसेल तर ‘ताठ, जाड सॅटिन’ एवढेच लिहावे. तेवढे डोळ्यांना दिसते आणि तेवढे खरे असते.

आता एक गाऊन घेऊ. मी स्वतः शिवलेलाच घेते, कारण त्याचे आतले सगळे मला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी परभणीच्या एका तरुण अभिनेत्रीला मुंबईत पुरस्कार सोहळ्याला जायचे होते. तिला मोरपंखी रंगाचा, खांदे उघडे ठेवणारा, मागे ट्रेल असलेला गाऊन हवा होता. गळा स्वीटहार्ट ठरला, म्हणजे छातीवर दोन कमानी आणि मध्ये उतरणारी खाच. कापड डचेस सॅटिन, 54 इंच पन्ह्याचे, साडेसात मीटर. एका चौरस मीटरला ते साधारण 200 ग्रॅम भरत होते, त्यामुळे केवळ वरच्या कापडाचेच वजन दोन किलोच्या आसपास गेले. अस्तर, आतली चोळी, घेर फुगवणारी नेट आणि खालच्या कडेची ताठ पट्टी धरून पूर्ण गाऊन साडेतीन किलोंचा झाला.

ट्रेलचे माप लिहिताना ते कुठून मोजले हे सांगितले नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही. या गाऊनचे मागचे कापड कमरेपासून 106 इंच लांब होते. टाचेच्या चपला घालून तिच्या कमरेपासून जमीन 43 इंच होती, म्हणजे जमिनीवर 63 इंच, सव्वापाच फुटांच्या आसपास ट्रेल पसरत होती. कोणी हीच ट्रेल कमरेपासून मोजून नऊ फुटांची लिहील, कोणी सव्वापाच फुटांची, आणि दोघेही बरोबर असतील. वाचकाला मात्र जमिनीवर किती कापड दिसले ते कळायला हवे. मूळ शब्द ‘ट्रेन’ आहे. आपल्या बाजारात आणि प्री-वेडिंग शूटचे गाऊन भाड्याने देणाऱ्यांत ‘ट्रेल’ रूढ झाला आहे; मराठी वाचकाला ट्रेन म्हटले की रेल्वे आठवते, म्हणून मीही ट्रेलच लिहिते. पण दौलताबादच्या किल्ल्याजवळ वाऱ्यावर उडवून फोटो काढतात ती ट्रेल आणि ही ट्रेल एक नव्हे. ती हलक्या कापडाची आणि एका जागी उभे राहून उडवण्यासाठी असते. रेड कार्पेटवरच्या ट्रेलला चालणाऱ्या बाईच्या मागे जमिनीवरून यायचे असते, वळताना पायात अडकायचे नसते आणि थांबल्यावर पसरून बसायचे असते.

जमिनीवरून जाणारे ते कापड, अस्तर आणि पट्टी यांचे वजन फक्त 600 ग्रॅमच्या आसपास होते. आकडा छोटा वाटतो. पण ते वजन खाली नव्हे, मागे ओढते, आणि गालिच्याचे केस सॅटिनला धरून ठेवतात. इथेच माझी चूक झाली.

पहिला नमुना मी नेहमीप्रमाणे मांजरपाटात शिवला होता. तो उभ्याने घालून पाहिला तेव्हा गळा चपखल बसला. मग सॅटिनचा गाऊन कच्च्या टाक्यांनी जोडून दुसरे माप घेतले आणि त्या दिवशी मी तिला कारखान्यातल्या सतरंजीवरून चालायला सांगितले. वीसेक पावलांनंतर पाठीची कड एक इंच खाली उतरली होती आणि पुढे छातीवरच्या कमानी अंगापासून सुटून उभ्या राहिल्या होत्या. तिने नकळत डावा हात छातीवर ठेवला. उभ्या बाईवर घेतलेले माप चालणाऱ्या बाईला पुरत नाही, हे मला तेव्हा फार चांगले कळले.

कारण पाहायला गाऊन उलटा केला. आतल्या चोळीत मी अकरा ठिकाणी पोलादी पट्ट्या घातल्या होत्या आणि त्यांच्यावर माझा भरवसा होता. पण पट्ट्या चोळीला उभी ठेवतात, घसरू नये याची हमी देत नाहीत. काठी सरळ असली तरी ती रोवावी लागतेच. रोवण्याचे काम कमरपट्टीचे असते. ही एक इंच रुंदीची, न ताणली जाणारी, आडव्या रेघांची पीटरशॅम पट्टी चोळीच्या आतून कमरेभोवती जाते आणि चेन लावण्याआधी मागे दोन हुकांनी घट्ट बंद होते. कमरेची सर्वांत बारीक जागा तिने पकडली की खाली कमरेची हाडे असल्यामुळे ती सरकत नाही आणि मग खालचा घेर आणि वरची चोळी दोन्ही त्या पट्टीवर उभी राहतात. मी ती पट्टी तिच्या कमरेच्या मापाएवढीच, 27 इंचांची केली होती आणि शिवणीला सगळीकडून पक्की शिवून टाकली होती. दुसरी चूक ट्रेलची. मागचे कापड मी वरच्या सॅटिनच्या कमरेच्या शिवणीत जोडले होते, त्यामुळे गालिच्याची ओढ थेट वरच्या कापडाला, तिथून पाठीच्या कडेला आणि पुढच्या गळ्याला पोहोचत होती.

दुरुस्ती अशी केली. कमरपट्टी 26 इंचांची, म्हणजे मापापेक्षा एक इंच कमी केली आणि ती पुढे मध्यभागी आणि दोन्ही बगलेच्या शिवणीला, अशा तीनच जागी टाचली. मागची टोके मोकळी ठेवली, म्हणजे पट्टी स्वतंत्रपणे आवळता येते आणि वरच्या सॅटिनवर सुरकुती उमटत नाही. ट्रेलचे कापड उसवून त्याची वरची कड आतल्या चोळीच्या कमरेवर, पट्टीच्या ओळीत घेतली, आणि बाहेरचे सॅटिन त्यावर फक्त झाकण म्हणून बसवले. ओढ आता कापडाला न मिळता कमरेला मिळू लागली. स्वीटहार्टची कड गोल कापलेली असल्यामुळे तिरप्या धाग्यावर ताणली गेली होती. तिच्या आतून पाव इंच रुंदीची सुती फीत घालून प्रत्येक कमानीवर अर्धा इंच ओढून घेतली, तेव्हा कड छातीवर परत टेकली. शेवटी ट्रेलच्या खालच्या कडेला आतून घोड्याच्या केसांसारखी ताठ, जाळीदार पट्टी लावली. पूर्वी ती खरोखर घोड्याच्या केसांची असे, आता नायलॉनची मिळते. तिच्यामुळे कड जमिनीवर उलटत नाही आणि वळताना ट्रेल गुंडाळली न जाता पंख्यासारखी फिरते. यानंतर ती सतरंजीवरून दहा-बारा फेऱ्या चालली, जिना चढली, उतरली, आणि गळा जागचा हलला नाही.

सोहळ्यानंतर एका वृत्तपत्रात या गाऊनबद्दल ‘सॅटिन सिल्कचा मर्मेड गाऊन’ असे छापून आले, त्याचे मला वाईट वाटले. मर्मेड म्हणजे छातीपासून गुडघ्यापर्यंत अंगाला घट्ट आणि गुडघ्याखाली एकदम फुलणारा. आमचा गाऊन कमरेपासूनच उतरत जाणाऱ्या कळ्यांचा होता, म्हणजे ए-लाइन. फोटोत पुढच्या बाजूला कमरेपासून जमिनीपर्यंत अखंड सरळ शिवणी दिसत होत्या. मर्मेड असता तर गुडघ्याच्या वर घट्ट बसलेले कापड आणि तिथून फुटणाऱ्या घड्या दिसल्या असत्या. मागे कापड लांब दिसले म्हणून लिहिणाऱ्याने मासोळीची शेपटी समजली असावी. घेर कुठून सुरू होतो ती उंची पाहायची, मागची लांबी नव्हे.

शिवणी वाचणे हा बांधणीचा अर्धा भाग आहे. आपल्याकडे ब्लाउजमुळे प्रिन्सेस कट सगळ्यांना ठाऊक आहे: मुंढ्यापासून किंवा खांद्यापासून निघून छातीच्या उंचवट्यावरून कमरेकडे जाणारी उभी शिवण. ही शिवण कमरेवर न थांबता घेरात उतरत असेल तर गाऊन उभ्या पट्ट्यांत कापला आहे, कमरेला जोड नाही, आणि म्हणून ताठ कापडातही पोट-कमरेवर चुण्या न येता आकार मिळतो. कमरेला आडवी शिवण असेल तर चोळी आणि घागरा वेगळे कापलेले आहेत, आणि घागऱ्यात चुण्या आहेत, प्लीट्स आहेत की कळ्या, हे पाहायचे. कुठेही शिवण दिसत नसेल, कापड एका बाजूला ओढून मुरडलेले असेल, तर तो ड्रेप आहे. मग मुरडीचे टोक शोधावे, कारण खाली आतल्या चोळीला ते तिथेच टाचलेले असते.

चार्ल्स जेम्स या शिवणकाराचा 1953 चा चार पाकळ्यांच्या घेराचा गाऊन, ‘क्लोव्हर लीफ’, पाहायला मिळाला तर जरूर पाहा. खांद्यावर पट्टी नाही, घेर प्रचंड आणि वजनदार, तरीही तो घालणारीला चालता येत असे, कारण आतल्या थरांची बांधणी भार कमरेच्या हाडांवर तोलून ठेवते. माझ्या 26 इंचांच्या कमरपट्टीचे तत्त्व तेच आहे, त्यांनी ते फार मोठ्या प्रमाणावर वापरले.

आता हे फोटोवरून कसे ओळखायचे ते सांगते, कारण तुमचे खरे काम तिथे आहे. एकाच फोटोवर कधीही लिहू नका. गालिच्यावर येतानाचा, वळतानाचा आणि आत जातानाचा असे तीन फोटो मिळवा, आणि त्यात एक तरी पाठमोरा असू द्या. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत गळ्याची कड काखेपासून किती खाली आहे हे ताडून पाहा. ती खाली गेली असेल तर कमरेच्या वर आडव्या वळ्या दिसतील, कारण चोळी खाली बसली की जास्तीचे कापड तिथे जमते. कड अंगापासून सुटून उभी असेल तर तिरप्या कडेला आधार मिळालेला नाही किंवा मागून ओढ आहे. बगलेतून छातीकडे तिरप्या ताणरेषा दिसत असतील तर चोळी छातीवर आखूड आहे. त्या रेषांचा रोख जिथे असतो तिथे अडचण असते. हात सतत छातीवर असेल तर तेही लिहिण्यासारखे आहे, पण घालणारीबद्दल नव्हे, शिवणीबद्दल.

पुढच्या कडेकडेही लक्ष द्या. ट्रेलवाल्या गाऊनची पुढची कड चपलांच्या टोकाला जेमतेम लागेल इतकी असावी, उभी असताना जमिनीपासून निदान अर्धा इंच वर. 2013 च्या ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार घ्यायला जाताना जेनिफर लॉरेन्स डिऑरच्या मोठ्या घेराच्या गाऊनमध्ये पायऱ्यांवर पडली होती. पायरी चढताना गुडघा घेराला पुढे ढकलतो आणि पुढची कड पावलाखाली येऊ शकते, म्हणून माझ्याकडे जिना चढल्याशिवाय कोणत्याही गाऊनची खालची तुरपाई पक्की होत नाही. ट्रेलच्या आतल्या बाजूला, मध्यावर, बोटात अडकवायचा फितीचा फासही असतो. पायऱ्यांवर पदर उचलावा तसा हात मागे नेऊन घेर उचललेला दिसला तर बहुधा बोट त्या फासातच असते.

ट्रेलच्या लांबीवर लिहिताना जागेचाही विचार व्हावा. कान चित्रपट महोत्सवाने 2025 मध्ये पोशाखाच्या नियमांत मोठ्या ट्रेलच्या, पाहुण्यांच्या ये-जा करण्यात आणि नाट्यगृहात बसण्यात अडथळा आणणाऱ्या कपड्यांना मनाई केली. याउलट न्यूयॉर्कच्या मेट गालाच्या पायऱ्यांवर लांब ट्रेल पसरवून उभे राहायला जागा आणि वेळ मिळतो. 2024 साली आलिया भटने तिथे सब्यसाची यांची साडी नेसली होती आणि तिच्या मागे 23 फुटांची ट्रेल होती. अशी ट्रेल चालण्यासाठी नसते, थांबण्यासाठी असते; तिचे वर्णन करताना ती पायऱ्यांवर कशी मांडली, भरतकाम कडेला दाट आहे की मध्यावर, हे पाहावे.

आपल्या भागातून एक प्रश्न मला वारंवार येतो, म्हणून इथेच सांगते. पैठणीचा किंवा हिमरूचा गाऊन रेड कार्पेटवर दिसला तर काय लिहावे? पैठणीच्या पदरावरची नक्षी आडव्या धाग्यांनी एकमेकांत अडकवून विणलेली असते आणि त्यात जरीचे धागे असतात, त्यामुळे पदर आणि काठ मधल्या अंगापेक्षा ताठ आणि जड असतात. काठ तिरपा कापला तर तो लवत नाही, गळ्याच्या गोलाईवर बसवला तर आतल्या बाजूला चुण्या घेतो. म्हणून जाणता शिवणकार काठ सरळच ठेवतो: घेराच्या खालच्या कडेला, किंवा सरळ गळ्यावर आडवा. पदराची ट्रेल केली असेल तर तिची रुंदी साडीच्या पन्ह्याएवढीच, सुमारे 45 इंच मिळते. त्याहून रुंद दिसली तर बाजूला जोड आहे, आणि तो जोड नक्षीत लपवला आहे की उघडा आहे, हे लिहिण्याजोगे आहे. हिमरूत सूत आणि रेशीम दोन्ही असतात आणि मागच्या बाजूला मोकळे धागे सुटलेले असतात, त्यामुळे अंगाशी अस्तर हवेच. घडीही जाड पडते. त्याचा ओघळणारा गाऊन होत नाही, ताठ, घंटेसारखा होतो. स्वीटहार्ट गळ्यावर वळवलेला पैठणीचा काठ मला अनेक फोटोंत फुगलेला दिसतो. तो काठाचा दोष नाही, कापणाऱ्याने काठाला न जमणारे काम सांगितले आहे.

शेवटी, माझ्या त्या मोरपंखी गाऊनबद्दल तुमच्या सदरात मी काय लिहिले असते ते देते. यात मला आतून ठाऊक असलेले काहीही मी घेतलेले नाही, फक्त फोटोत दिसते तेवढेच घेतले आहे:

‘गर्द मोरपंखी रंगाच्या जाड, ताठ सॅटिनचा हा गाऊन खांद्यावर कशाचाही आधार न घेता उभा आहे. छातीवर दोन उथळ कमानींचा स्वीटहार्ट गळा असून त्याची कड येताना आणि जाताना एकाच उंचीवर राहिली, यावरून आत आवळलेली कमर आणि पट्ट्यांची चोळी असावी. शिवणी छातीवरून कमरेला न थांबता सरळ घेरात उतरतात, त्यामुळे पुढचा भाग सपाट आणि घेर ए-लाइन आहे. सॅटिनच्या लाटा मोजक्या आणि रुंद आहेत, भरतकाम नाही. सगळी शोभा उजेड या लाटांवरून घसरण्यात आहे. मागे कमरेपासून निघालेली ट्रेल जमिनीवर पाच फुटांच्या आसपास पसरते आणि वळताना तिची कड न उलटता पंख्यासारखी फिरते.’

त्या परिच्छेदातला ‘असावी’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. कमरपट्टी आणि पोलादी पट्ट्या मी स्वतःच्या हाताने बसवल्या होत्या, पण फोटो पाहणारीला त्या दिसत नाहीत. तिला फक्त कड हललेली नाही एवढेच दिसते, म्हणून तेवढ्याच पुराव्यावर तिचे वाक्य उभे राहायला हवे. दिसते ते ‘आहे’ म्हणून लिहा आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष ‘असावे’ म्हणून. पाठमोरा फोटो मिळालाच नाही तर ट्रेलच्या लांबीचा आकडा देऊ नका. ‘मागे कापड जमिनीवर उतरले आहे’ एवढे लिहून गळ्याकडे वळा.